तारीख नाही, ठिकाण नाही, पण ‘अगत्य येणेचे करावे’

*माझ्या यजमानांचे एक जुने सहकारी निवृत्तीनंतर कुडाळला गावी राहायला गेले. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. परवा रात्री त्यांच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर निरोप आला: ‘श्रीकृपेकरून आमचे येथे शुभविवाह योजिला आहे. सहकुटुंब सहपरिवार अगत्य येणेचे करावे. हेच आग्रहाचे आमंत्रण समजावे.’ खाली एक फाईल आहे, ती मी उघडलेली नाही. तारीख नाही, ठिकाण नाही, लग्न कुणाचे तेही नाही. त्यांची धाकटी मुलगी लग्नाची आहे, एवढे आम्हाला ठाऊक. भाऊसाहेबांना फोनवर ऐकू येत नाही आणि वहिनींचा नंबर आमच्याकडे नाही, म्हणून पत्र पाठवायचे ठरवले. मी लिहिलेला मजकूर असा: ‘आपले निमंत्रण मिळाले. मुलीच्या लग्नाबद्दल मनःपूर्वक अभिनंदन. परंतु आपण तारीख व ठिकाण लिहावयास विसरलात. कृपया लवकरात लवकर संपूर्ण माहिती पाठवावी, म्हणजे यायचे की नाही ते ठरवता येईल.’ हे म्हणतात, विचारू नकोस, अपमान वाटेल. पत्र पाठवू की नको? पाठवायचे तर असेच पाठवू?*
*– डोंबिवलीची एक वाचक*

ताई,

पत्र जरूर पाठवा, पण हे नको. पत्राकडे येतेच. त्याआधी ती फाईल. उघडली नाहीत, फार बरे केलेत. अजूनही उघडू नका, नुसते तिचे नाव वाचा. व्हॉट्सॲपवर फाईल आली की चौकटीत तिचे नाव आणि प्रकार दिसतो. नावाच्या अगदी शेवटी, शेवटच्या टिंबानंतर काय लिहिले आहे ते पाहा. तिथे pdf किंवा jpg असेल तर ती बहुधा खरीखुरी पत्रिका आहे. तुम्हाला हवी असलेली तारीख आणि कार्यालयाचे नाव तिच्यातच असेल आणि तुम्ही वाचलात तो फक्त वरचा पाठवणीचा मजकूर असेल. तसे निघाले तर मुलीचे नाव, मुहूर्त, स्थळ वाचा आणि पत्रात नुसते ‘येतो’ म्हणून कळवा.

पण शेवटी apk असेल, तर ती पत्रिका नाही. ते अँड्रॉइड फोनवर चढणारे ॲप आहे. नावाच्या पोटात pdf हे शब्द असले तरी फसू नका, शेवटचे टिंब महत्त्वाचे. असे ॲप आधी ‘अनोळखी ठिकाणचे ॲप चढवू द्या’ म्हणून परवानगी मागते, मग एसएमएस वाचायची. ती दिली की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी दुसऱ्याच्या हाती पडतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याच्या खात्यातून अशाच लग्नाच्या निमंत्रणापायी जवळपास १ लाख ९० हजार रुपये गेले. गंमत म्हणजे त्या निरोपात तारीख होती. म्हणजे तारीख नसली तर निरोप खोटा आणि असली तर खरा, असा सरळ हिशेब इथे चालत नाही.

‘पण निरोप भाऊसाहेबांच्याच नंबरवरून आला आहे’ असे तुम्ही म्हणाल. खरे आहे, पण असे ॲप एकाच्या फोनमध्ये शिरले की त्याच्याच व्हॉट्सॲपवरून त्याच्या ओळखीच्या सगळ्यांना तोच निरोप जाऊ शकतो. बिचाऱ्या मालकाला पत्ताही नसतो. म्हणून ओळखीचा नंबर हा पुरावा धरू नका. फाईल apk निघाली तर त्या निरोपाखाली उत्तरही लिहू नका. तुमचे उत्तर भाऊसाहेबच वाचतील याचा भरवसा नाही. (घरात दुसऱ्या कुणी ती उघडून ॲप चढवले असेल, तर त्या फोनचे इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून व्यवहार थांबवा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवा. यात तासांचा नव्हे, मिनिटांचा हिशेब असतो.)

आता दुसरी शक्यता, आणि मला तीच जास्त वाटते: निरोप खरा आहे, पण अर्धा पोचला आहे. हे कसे होते ते समजून घ्या, कारण पत्राचा सूर त्यावर ठरतो. हल्ली घरातला एखादा भाचा पत्रिकेचे चित्र आणि चार ओळींचा मजकूर तयार करतो. यजमान ते शेदीडशे जणांना पुढे ढकलत जातात. चित्र आणि मजकूर हे दोन वेगळे निरोप असतात. एखाद्याला दोन्ही जातात, एखाद्याला एकच. कधी चित्र येते, पण आपण ते उतरवून घेत नाही आणि महिन्याभराने बोट लावले तर फोन म्हणतो, पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवा. आणि ‘ब्रॉडकास्ट’ करून पाठवले असेल तर एका दमात २५६ जणांना जाते, प्रत्येकाला मात्र ते आपल्यालाच लिहिल्यासारखे दिसते. भाऊसाहेबांच्या डोळ्यांपुढे पूर्ण पत्रिका आहे. तुमच्याकडे काय पोचले, हे त्यांना दिसतच नाही.

म्हणून तुमच्या मजकुरातला ‘विसरलात’ हा शब्द मला सर्वांत आधी खुपला. ते विसरले की नाही हे तुम्हाला माहीत नाही. मुलीच्या लग्नाच्या गडबडीतला बाप ‘आपण विसरलात’ हे वाचून आधी खजील होईल, मग पत्रिका काढून बघेल, तिच्यात सगळे नीट असेल आणि मग तुमच्यावर थोडा चिडेल. त्यापेक्षा तुमच्याकडे काय आले तेवढेच सांगा. ‘आमच्याकडे एवढाच मजकूर पोचला’ यात दोष कुणाचाच नाही, आणि ते खरेही आहे. ‘आमचाच फोन जुना आहे’ असली सबब मात्र नको. ते बिचारे मग तीच फाईल चार वेळा पाठवत बसतील.

‘मुलीच्या लग्नाबद्दल मनःपूर्वक अभिनंदन’ हे दुसरे. सौजन्य म्हणून लिहिलेत, पण निरोपात मुलीचा उल्लेखच नाही. लग्न मुलाचे असू शकते, पुतणीचे असू शकते. निरोप बनावट असेल तर लग्नच नसेल. ज्या घरात मुलीचे ठरता ठरता मोडले आहे, तिथे असे अभिनंदनाचे पाकीट जाऊन पडले तर काय होईल, विचार करा. एका वाक्याने केवढा घोळ! तुमचे पत्र दोन्ही शक्यतांत चालले पाहिजे: निरोप खरा असेल तर आमंत्रणाचा मान ठेवणारे आणि खोटा असेल तर त्यांना सावध करणारे. सगळी कसरत आहे ती इथेच. त्यासाठी आलेला मजकूर जसाच्या तसा पत्रात उतरवून काढा, कोणत्या दिवशी, किती वाजता आला तेही लिहा. खरा असेल तर ते ओळखतील, नसेल तर त्यांनाच धक्का बसेल आणि ते सगळ्यांना कळवायच्या मागे लागतील.

‘संपूर्ण माहिती’ हे सरकारी कचेरीतले झाले. लग्नघरातल्या माणसाला संपूर्ण माहिती द्यायला फुरसत नसते. तीन-चार गोष्टी नावाने विचारल्यात तर त्याच कागदाच्या पाठीवर उत्तर येईल. आणि ‘यायचे की नाही ते ठरवता येईल’ हे तर काढूनच टाका. मनात तसे नसले तरी वाचणाऱ्याला वाटते की कार्यालय आवडले तर येऊ. तुम्हाला विचारायचे आहे ते तिकिटासाठी, मग तसेच लिहा. गाडीच्या आरक्षणाचे कारण कोकणातल्या माणसाला दुसऱ्यांदा समजावावे लागत नाही.

हा माझा मसुदा. हातानेच लिहा. भाऊसाहेबांच्या पिढीला अक्षर ओळखीचे वाटते, आणि बनावट निरोपांच्या दिवसांत त्याचा आणखी एक उपयोग आहे.

॥ श्री ॥

डोंबिवली,
दि. …

आदरणीय भाऊसाहेब व सौ. वहिनी यांस,
स. न. वि. वि.

रविवारी रात्री साडेनऊच्या सुमारास आपल्या मोबाईल नंबरवरून आम्हाला एक निरोप आला. तो असा: ‘श्रीकृपेकरून आमचे येथे शुभविवाह योजिला आहे. सहकुटुंब सहपरिवार अगत्य येणेचे करावे. हेच आग्रहाचे आमंत्रण समजावे.’ आपल्या घरी मंगलकार्य असल्याचे वाचून आम्हा दोघांना फार आनंद झाला.

आमच्याकडे एवढाच मजकूर पोचला आहे. सोबत एक फाईल दिसते. हल्ली लग्नपत्रिकेच्या नावाने फसव्या फाईली फिरत असल्याने आपल्याला विचारल्याशिवाय ती उघडलेली नाही. निरोप आपणच पाठवला असेल तर कार्य कुणाचे, तारीख व वार, मुहूर्ताची वेळ आणि कार्यालयाचे नाव गावासह, एवढे कळवावे. आम्ही दोघे नक्की येऊ. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी सुरू होते, म्हणून तारखेची घाई करत आहे, राग नसावा.

निरोप आपण पाठवलेला नसेल, तर आपल्या नंबरचा कुणी गैरवापर करीत असावे. तसे असल्यास घरातल्या तरुण मंडळींना लगेच दाखवावे.

वहिनींचा मोबाईल नंबर आमच्याकडे नाही, तो जरूर कळवावा. आमचे दोन्ही नंबर खाली देत आहे. उत्तर फोनवर दिले तरी चालेल, संध्याकाळी सहानंतर आम्ही दोघेही घरी असतो.

मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
…

दिवस आणि वेळ मी अंदाजाने घातली आहे, तुमच्या फोनवर दिसते ती लिहा. दोन गोष्टी मात्र मी मुद्दाम केल्या आहेत. पत्र दोघांच्या नावे आहे. भाऊसाहेबांचा चष्मा सापडेपर्यंत वहिनींनी ते वाचलेले असेल. आणि ‘आम्ही दोघे’ असा आकडा दिला आहे. ‘सहकुटुंब सहपरिवार’ हे पत्रिकेत लिहायचे असते, पंगतीचा अंदाज बांधणाऱ्याला त्याने काही कळत नाही. ज्यांनी तारीख विचारली त्यांनीच माणसांची संख्याही सांगितली, तर त्या विचारण्याचे कुणाला ओझे वाटत नाही.

तुमच्या ‘ह्यां’चे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. आमंत्रण नक्की आपल्यालाच आहे का, की शेदीडशे नावांत आपणही ओघाने गेलो, ही शंका त्यांच्या मनात असणार. अशा वेळी गप्प बसण्यात मान राहतो असे वाटते. पण उलट बाजूने बघा. भाऊसाहेबांनी खरेच बोलावले असेल, तर तुम्ही न विचारता, न जाता राहिलात की त्यांच्या लेखी ‘बोलावूनही आले नाहीत’ असे होईल. आणि बोलावले नसेल, तर माझ्या मसुद्यातल्या ‘निरोप आपणच पाठवला असेल तर’ या शब्दांनी त्यांना सुटायला वाट ठेवली आहे. (एक गंमत सांगते. तुमच्या पत्रात ‘यजमान’ म्हणजे नवरा आणि मी वर लिहिला तो ‘यजमान’ म्हणजे लग्नघरचा. दोघांनाही न दुखवता पत्र लिहायचे म्हणून तुमची पंचाईत झाली आहे.)

पाठवायचे कसे? तारीखच ठाऊक नाही, म्हणजे लग्न पुढच्या आठवड्यातही असू शकते. तुळशीची लग्ने लागली की पाऊस सुरू होईपर्यंत मुहूर्त चालूच असतात. म्हणून साध्या टपालाने नको. स्पीड पोस्टाने पाठवा. रजिस्टर पत्र करू म्हणाल तर २०२५ मध्येच टपाल खात्याने ती सेवा स्पीड पोस्टात मिळवली आहे. पत्त्यावर वाडीचे नाव आणि पिनकोड घालायला विसरू नका. कुडाळ एवढ्यावर पत्र तालुक्याला पोचेल, वाडीत नाही. पूर्वी जोडकार्ड मिळे, अर्ध्यावर आपण लिहायचे आणि कोरे अर्धे समोरच्याने उत्तराला फाडून पाठवायचे. अशा कामाला ते फार सोयीचे होते. आता त्याऐवजी स्वतःचा पत्ता लिहिलेले पाकीट आत घालू नका, वसुलीसारखे दिसते. फोन नंबर पुरे.

पत्र टाकले त्याच दिवशी यजमानांना (तुमच्या) कामाला लावा. त्यांच्या जुन्या ऑफिसातल्या दोघातिघांना असाच निरोप आला का, हे एका फोनवर कळेल. एकाला पूर्ण पत्रिका आली असेल तर प्रश्न मिटला. सगळ्यांना तीच तीन वाक्ये आणि तीच फाईल आली असेल तर काळजी करा आणि त्यांनाही फाईल उघडू नका म्हणून सांगा. मात्र ऑफिसच्या जुन्या मंडळींच्या ग्रुपवर ‘भाऊसाहेबांकडे लग्न कधी आहे?’ असे विचारू नका. तिथे ज्यांना आमंत्रण नाही असे कुणीतरी असतेच, आणि मग तुमचा प्रश्न राहतो बाजूला.

उत्तर आल्यावरही एकदा नीट वाचा. माझ्या धाकट्या दिराच्या लग्नात पत्रिकेचे प्रूफ घरातल्या तिघांनी तपासले. आजोबांच्या नावापुढचे ‘कै.’ पाहिले, मुहूर्ताची मिनिटे पाहिली, देवकाचा विधी पाहिला, आहेर न आणण्याची ओळ चौकटीत घातली. तारीख रविवारची आणि छापलेला वार शनिवार, हे मात्र कुणालाच दिसले नाही. चारशे पत्रिका गेल्या. फोन आला तो फक्त मामंजींच्या एका आतेभावाचा: ‘मी येतो शनिवारी, पण नवरामुलगा येणार आहे ना?’ सासूबाई पुढे कितीतरी वर्षे त्यांचे नाव काढत. बाकीचे तीनशे नव्याण्णव एक तर बघत नव्हते, नाही तर भिडेपोटी गप्प होते. त्यातले दोघे शनिवारी कार्यालयात हजरही झाले, तिथे दुसऱ्याच कुणाची मुंज होती.

म्हणून तारीख आणि वार जुळतात का, हे कॅलेंडर उघडून बघा. उत्तरात नुसती मिती आली, समजा ‘वैशाख शुद्ध पंचमी’, तर इंग्रजी तारीखही विचारून घ्या. स्वतः काढायला गेलात तर तिथी सुरू होण्या-संपण्याच्या वेळेत चुकाल. मुहूर्ताची वेळ सकाळची की गोरज, याने तुमचे सगळे गणित बदलते. दुपारी बाराचा मुहूर्त असेल तर रात्रीच्या गाडीने निघून सकाळी उतरता येते. गोरज मुहूर्त संध्याकाळचा, म्हणजे तिथे रात्रीच्या मुक्कामाची सोय बघावी लागेल. लग्नघरात आधीच पाहुणे मावत नसतात, तेव्हा ती सोय त्यांच्याकडे मागू नका.

ठिकाणाच्या बाबतीत एकच सांगते: भाऊसाहेब कुडाळला राहतात म्हणून लग्न कुडाळला, असे धरून तिकीट काढू नका. कार्य मुलाकडे असेल तर ते कणकवलीला असेल, सावंतवाडीला असेल, कदाचित तुमच्या शेजारी ठाण्यालाही असेल. गणपतीच्या किंवा भवानीच्या नावाची कार्यालये गावोगाव आहेत, म्हणून मसुद्यात ‘गावासह’ असे लिहिले आहे. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी रोड ही तिन्ही स्टेशने एकाच मार्गावर आहेत, पण सगळ्या गाड्या सगळीकडे थांबत नाहीत आणि सावंतवाडीचे स्टेशन गावात नाही. नटूनथटून, हातात आहेराची पिशवी घेऊन रिक्षा शोधत उभे राहायचे नसेल तर आधी कार्यालय, मग गाडी.

आठ-दहा दिवसांत काहीच उत्तर आले नाही, तर दुसरे पत्र पाठवू नका. कुडाळच्या बाजूला जाणारे-येणारे कुणी ओळखीचे असेल तर त्यांच्याकडून घरी निरोप द्या, नाही तर भाऊसाहेबांच्या थोरल्या मुलाचा किंवा शेजाऱ्यांचा नंबर ऑफिसच्या मंडळींकडून मिळवा. आणि एकदाचे बोलणे झाले की वहिनींचा नंबर फोनमध्ये साठवाच, शिवाय वहीतही लिहून ठेवा.

– ताई